साडेआठचा घोळ

गुरुवारी, १९ मार्चला, संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी न्यूयॉर्कच्या क्लायंटचा संदेश आला की, आम्ही बारा मिनिटे बैठकीत बसून आहोत, आपण येणार आहात का. मी त्या वेळी दादरच्या घरी चहा गाळत होते, कारण बैठक सात वाजता होती आणि वेळा कळवणारे ईमेल मी तीनदा तपासून पाठवले होते. त्यातली ओळ अशी होती:

```
Thu 19 March: 7:00 PM IST / 1:30 PM GMT / 8:30 AM EST
```

ही ओळ काटेकोरपणे पाहिली तर बरोबर आहे, आणि हेच माझे दुःख आहे. `EST` म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या पाच तास मागे, म्हणजेच आपल्या साडेदहा तास मागे. पण न्यूयॉर्कने ८ मार्चला घड्याळे एक तास पुढे केली आणि त्या दिवसापासून तिथे `EDT`, म्हणजे यूटीसीच्या चार तास मागे, सुरू झाले. त्यामुळे माझे साडेआठ तिथल्या भिंतीवर साडेनऊ होते. तिथल्या माणसाने मात्र त्या तीन अक्षरांचा अर्थ ‘आमचे घड्याळ’ एवढाच घेतला आणि तो साडेआठला येऊन बसला. बहुतेक लोक तसाच अर्थ घेतात, हे मला आता कळले.

चहा ज्यांच्यासाठी चालला होता ते शेजारचे काका, निवृत्त गिरणी टाइमकीपर, हे सारे ऐकून उत्साहाने खुर्ची पुढे ओढून बसले.

“घड्याळ पुढे केलं म्हणजे? सगळ्यांनी?”

“सगळ्या शहराने, काका.”

“आणि नोव्हेंबरात पुन्हा मागे? मग तो मधला तास कुणाच्या हजेरीत मांडतात?”

मी म्हटले की तो प्रश्न मला नको, मला फक्त माफीचे ईमेल लिहू द्या. परंतु काकांच्या गाडीला आता सिग्नल मिळाला होता. त्यांनी सांगितले की १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईने ती मनापासून स्वीकारली नाही. इथली ‘बॉम्बे टाइम’ एकोणचाळीस मिनिटे मागे होती आणि ती १९५५ पर्यंत टिकून राहिली. “माझे वडील कुणी वेळ सांगितली की आधी विचारायचे, ‘कुठली वेळ?’ तुझ्या त्या अमेरिकन माणसाने एवढं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?” मग बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, “पण तूही गावाचं नाव सोडून अक्षरं कशाला लिहिलीस गं?”

हे मला झोंबले, कारण ते खरे होते. मी वेळ बदलून देणाऱ्या संकेतस्थळावर ‘8:30 AM EST’ असे टाइप केले होते आणि त्याने इमानेइतबारे सात वाजता असे उत्तर दिले होते. त्याऐवजी New York हे शहर आणि १९ मार्च ही तारीख निवडली असती, तर साताऐवजी सहा हा आकडा समोर आला असता. ती ओळ मुळात जानेवारीतल्या ईमेलातून उचललेली होती, आणि जानेवारीत ती निर्धोक होती. म्हणजे तीनदा तपासून मी तीनदा तेच चुकीचे विचारले.

डब्लिनचे गृहस्थ त्यांच्या दुपारी दीडला अगदी वेळेवर आले. आम्ही दोघांनी पंधरा मिनिटे एकमेकांकडे सभ्यपणे पाहिले, कारण न्यूयॉर्कवाला वीस मिनिटे वाट पाहून कधीच निघून गेला होता. डब्लिनची घड्याळे २९ मार्चला पुढे जातात आणि उन्हाळ्यातल्या आयरिश वेळेलाही `IST` म्हणतात. तेव्हा एप्रिलच्या पत्रात मी ‘7:00 PM IST / 2:30 PM IST’ असे लिहिले असते, तर तेही तांत्रिकदृष्ट्या बरोबरच ठरले असते.

साहेबांनी मला माफी मागायला सांगितले. “चूक नव्हती, लेबलचा प्रश्न होता,” असे मी म्हणाले, तर ते म्हणाले, “मग लेबलची माफी मागा.” मी ती मागितली. एक तास आधी येऊन बसलेल्या माणसाला दुखावणे परवडत नाही, आणि खुलासा जितका अचूक, तितका तो उद्धट वाटतो.

नवीन पत्रात अक्षरांना थारा दिला नाही. आमंत्रण कॅलेंडरमधूनच पाठवले, म्हणजे ज्याच्या त्याच्या स्क्रीनवर त्याचीच वेळ दिसेल, आणि मजकुरात शहरे लिहिली: मंगळवार, २४ मार्च, New York 9:30 AM, Dublin 1:30 PM, Mumbai 7:00 PM. काकांनी चष्मा लावून ते वाचले आणि मान डोलावली.

दहा मिनिटांत न्यूयॉर्कहून उत्तर आले: ‘Perfect. See you at 9:30 EST.’