चुन्याच्या निवळीबद्दलच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

★★☆☆☆
«दहावीच्या मुलीसाठी वायूंच्या चाचण्यांचं किट घेतलं. अमोनियाला लिटमस निळा झाला, ऑक्सिजनला उदबत्ती पेटली, तेवढं ठीक. पण कार्बन डायऑक्साइडला चुन्याची निवळी आधी दुधाळ झाली आणि दहा मिनिटांत पुन्हा पाण्यासारखी स्वच्छ! बाटलीत साधं पाणीच भरून देतात. हायड्रोजनचा ‘फट्’ आवाजही आला नाही. पैसे वाया.»

नमस्कार ताई,

तुम्हाला आणि मुलीला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. ‘पैसे वाया’ हेही ऐकून घेतो, तो तुमचा हक्क आहे. पण ‘साधं पाणी’ हे मात्र गिळवत नाही. शाळांना माल पुरवणारं दुकान आहे आमचं, आणि हे वाक्य उद्या एखादे प्रयोगशाळा परिचर वाचतील.

साधं पाणी असतं तर ते दुधाळ झालंच नसतं, ताई. निवळीत विरघळलेला चुना असतो. त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक पांढरे कण तयार होतात, तोच दुधाळपणा. चाचणी तिथेच पूर्ण झाली होती, नळी तेव्हाच बाहेर काढायची. वायू तसाच सोडत राहिलं की तो त्या पांढऱ्या कणांनाच विरघळवतो. कॅल्शियम बायकार्बोनेट बनतं आणि ते पाण्यात दिसत नाही. शहाबादी फरशीच्या तुकड्यांवर आम्ल ओतल्यावर निघणारा वायू जवळजवळ शुद्ध असतो, त्यामुळे हे सगळं पटकन होतं. तोंडाने नळीतून फुंकलं असतंत तर श्वासात हा वायू जेमतेम चार टक्के असल्याने दुधाळपणा कितीतरी वेळ टिकला असता. पत्रकात निवळीत तेवढंच पाणी मिसळायला सांगितलंय तेही मुद्दाम. पूर्ण ताकदीच्या निवळीत कितीही वायू सोडला तरी थोडा गढूळपणा राहतोच, आणि मुलांना दोन्ही टप्पे दिसावेत अशी आमची इच्छा असते.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, घरीच पाहा. ती स्वच्छ झालेली निवळी फेकली नसेल तर परीक्षानळीत थोडी घेऊन मंद आचेवर उकळा, नळीचं तोंड कुणाच्याही दिशेला नको. वायू निघून जातो आणि पांढरेपणा परत येतो. बोअरच्या पाण्याच्या गीझरमध्ये जो पांढरा थर धरतो, तो याच क्रियेने.

उकळूनही पांढरं झालं नाही तर? तर एकच शक्यता मला दिसते: आम्ल एकदम ओतल्यामुळे फेस उसळला आणि त्याचे थेंब वाहक नळीतून निवळीत गेले. आम्लाने विरघळलेला चुना कॅल्शियम क्लोराइड होतो, तो उकळून परत येत नाही. म्हणून आम्ल थेंबाथेंबाने घालायचं. काउंटरवर आम्ल देताना हे सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्ही फोनवर होतात. असो.

आणखी एक. अमोनियाची चाचणी जमली असं तुम्हीच लिहिलंय. तो अमोनिया नवसागर आणि चुना एकत्र तापवून निघाला ना? त्या पुडीतला चुना आणि निवळीचा चुना एकाच पोत्यातला. एक खरा आणि दुसरा खोटा कसा असेल?

हायड्रोजनचं थोडक्यात सांगतो. ‘फट्’ आवाज हवा मिसळलेल्या हायड्रोजनचा असतो. जस्तावर आम्ल घालून बराच वेळ थांबलात, तर नळीतली हवा निघून जाते आणि शुद्ध हायड्रोजन तोंडाशी फिकट निळ्या ज्योतीने निमूट जळतो. आवाज हवा असेल तर नळी लवकर, अर्धी हवा अर्धा वायू असताना, काडीजवळ न्यायची. छोट्या परीक्षानळीतच करा, मोठ्या बाटलीत अजिबात नको.

पत्रकात ‘दुधाळ होताच थांबा’ ही ओळ ठळक करायचं बघतो, पुढच्या छपाईच्या वेळी. निवळीची नवी बाटली तुमच्यासाठी काढून ठेवली आहे, पैसे नकोत. येताना जुनी बाटली आणा, बूच घट्ट आहे का तेही पाहू, कारण उघडी राहिली तर हवेतल्या वायूनेच वर पांढरी साय धरते आणि निवळी निकामी होते. संध्याकाळी मी स्वतः असतो, रविवारी बंद. उकळून पाहिल्यावर जे दिसेल ते इथेच लिहा, आणि पांढरं झालं तर ताऱ्यांचंही बघा.