तुम्ही फ्रँकफर्टला, तुमचा फोन मुंबईत

परदेशात गेल्यावर ऑफिसचं मेल उघडत नाही, स्क्रीनवर ‘संशयास्पद साइन-इन’ येतं, आणि मग कुणीतरी हमखास सल्ला देतं, ‘व्हीपीएन लाव, इंडिया निवड, चालेल.’ माझं स्पष्ट मत आहे की अडलेलं लॉगिन पुरतं बंद पाडायचा याहून सोपा मार्ग नाही. का, ते एका उदाहरणावरून सांगतो.

समजा, पुण्यातल्या कंपनीतली एक कर्मचारी कामासाठी फ्रँकफर्टला पोहोचली. कंपनीचं मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे. फोनवर भारतीय सिमचा रोमिंग पॅक सुरू आहे, लॅपटॉप हॉटेलच्या वायफायवर. भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजता ती फोनवर मेलमध्ये साइन-इन करते आणि २ वाजून ६ मिनिटांनी लॅपटॉपवर.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. रोमिंगवर असताना फोनचा डेटा बहुतेक वेळा भारतातल्या आपल्या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून इंटरनेटवर जातो. म्हणजे फोन जर्मनीत, पण त्याचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, भारतीय, समजा मुंबईचा. लॅपटॉपचा आयपी मात्र जर्मन. मुंबई ते फ्रँकफर्ट हवाई अंतर साधारण ६,५०० किलोमीटर. ते ६ मिनिटांत कापायचं तर ताशी ६५,००० किलोमीटर वेग हवा, आणि प्रवासी विमान जातं ताशी ९०० च्या आसपास. साइन-इन तपासणाऱ्या यंत्रणेला बाईंचा पासपोर्ट दिसत नाही. तिला दिसतात दोन आयपी आणि दोन वेळा. त्यावरून ‘अशक्य प्रवास’ हाच निष्कर्ष निघतो. परदेशात घेतलेल्या ट्रॅव्हल ई-सिमचंही असंच होतं. सिम एका देशासाठी घेतलेलं आणि आयपी सिंगापूरचा किंवा हाँगकाँगचा, असं सर्रास दिसतं.

पण नुसत्या अंतरावरून सहसा कुणाला बाहेर काढत नाहीत. मायक्रोसॉफ्टची यंत्रणा प्रत्येक माणसाची सवय शिकते. नेहमीचा आयपी, तो कोणत्या इंटरनेट कंपनीच्या नेटवर्कमधला, ठिकाण कोणतं, उपकरण कोणतं, ब्राउझर कोणता. नवीन खात्यासाठी हा शिकण्याचा काळ किमान ५ दिवसांचा असतो. प्रवासाच्या तपासणीसाठी १४ दिवस किंवा १० लॉगिन, यातलं जे आधी पूर्ण होईल ते. नंतर प्रत्येक साइन-इनला कमी, मध्यम किंवा जास्त अशी जोखीम ठरते. त्या जोखमीवर काय करायचं, हे तुमची कंपनी ठरवते. मध्यमला पासवर्डखेरीज ओळखीचा दुसरा पुरावा मागायचा आणि जास्तला थेट अडवायचं, अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी असते.

म्हणून आपल्या उदाहरणात लॅपटॉप जुना आणि ब्राउझर रोजचाच असेल, तर बहुधा ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर एक विचारणा येते, मंजुरी दिली की काम सुरू. ठिकाण बदललं, बाकी सगळं ओळखीचं आहे. गोष्ट इथेच संपायला हवी.

पण बाई विचारणा बघून घाबरतात आणि व्हीपीएन लावून ‘इंडिया’ निवडतात. आता बघा काय होतं. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपून ठेवायला सांगितली. त्यानंतर बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. त्यांचा ‘इंडिया’ सर्व्हर प्रत्यक्षात सिंगापूर किंवा लंडनमध्ये असतो, फक्त आयपी भारताच्या नावावर नोंदवलेला. वेगवेगळे डेटाबेस तो वेगवेगळ्या देशात दाखवू शकतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो आयपी डेटासेंटरचा असतो. घरच्या ब्रॉडबँडचा नाही, मोबाइल कंपनीचाही नाही. त्याच आयपीवरून त्याच तासात शेकडो अनोळखी लोक बाहेर पडतात, आणि चोरलेले पासवर्ड तपासून बघणारेही नेमके असेच आयपी वापरतात. त्यामुळे ‘निनावी आयपी’ हा वेगळा धोका नोंदला जातो. तरीही जमलं नाही म्हणून बाई कुकीज पुसतात किंवा इनकॉग्निटो विंडो उघडतात, आणि ओळखीचा शेवटचा धागाही तुटतो. आता ठिकाण नवं, नेटवर्क नवं, ब्राउझर नवा. स्क्रीनवर AADSTS53003 येतं, म्हणजे कंपनीच्या धोरणाने प्रवेश नाकारला. याला मी यंत्रणेची चूक म्हणणार नाही. पासवर्ड चोराच्या हाती लागला असता तर त्याचं साइन-इन हुबेहूब असंच दिसलं असतं.

मग करायचं काय? आधी व्हीपीएन बंद. मग हॉटेलचं वायफाय सोडून लॅपटॉप आपल्याच फोनच्या हॉटस्पॉटवर घ्या. आता दोन्ही उपकरणं एकाच भारतीय मोबाइल नेटवर्कवरून दिसतात आणि अंतराचा प्रश्नच उरत नाही. रोजचाच ब्राउझर, साधी विंडो. पासवर्ड अंदाजाने पुन्हा पुन्हा टाकू नका: मूळ सेटिंगनुसार १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं एका मिनिटासाठी कुलूपबंद होतं, आणि पुढे चुकत राहिलात तर ती वेळ वाढत जाते. एक मात्र नक्की सांगतो. कंपनीने भारताबाहेरून काम करायला मनाई केली असेल, तर हॉटस्पॉट ही पळवाट समजू नका, आधी परवानगी घ्या.

सगळ्यात वाईट अवस्था होते ती दुसरा पुरावा कधी नोंदवलाच नाही अशांची. जोखीम दिसल्यावर यंत्रणा त्यांना तो नव्याने नोंदवू देत नाही, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर चोराने स्वतःचा फोन जोडला असता. तेव्हा AADSTS53004 दिसतं आणि आयटी विभागाशिवाय सुटका नाही. म्हणून ऑथेंटिकेटर अ‍ॅप निघण्यापूर्वी, घरच्या नेटवर जोडा. त्यातला दर ३० सेकंदांनी बदलणारा ६ आकडी कोड नेट नसतानाही मिळतो. एसएमएसच्या ओटीपीसाठी सिम चालू लागतं. जीमेलला गूगल ८ आकडी १० बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर लिहून पाकिटात ठेवा, त्याच फोनमध्ये नकोत.

आयटीला फोन करताना ‘लॉगिन होत नाही’ एवढंच सांगू नका. त्या स्क्रीनवर Request ID, Correlation ID आणि Timestamp असतात, त्यांचा फोटो पाठवा. अ‍ॅडमिनला Sign-in logs मध्ये नेमकी तीच नोंद सापडते आणि कोणत्या कारणाने अडवलं तेही दिसतं. माझी खरी तक्रार इथे आहे. अ‍ॅडमिनला दिसणारं कारण वापरणाऱ्याला का दिसू नये? हल्लेखोराला शिकवायचं नाही हे मान्य, पण ‘तुमचं नेटवर्क बदलून पाहा’ एवढं सांगितल्याने त्याच्या हाती फारसं काही लागत नाही आणि परक्या देशात अडकलेल्या माणसाचे दोन तास वाचतात.

आणि अ‍ॅडमिन मंडळींनो, फोन आला की त्या माणसाला धोरणातूनच वगळून टाकू नका. आधी प्रत्यक्ष बोलून खात्री करा, मग त्या एका नोंदीवर Confirm sign-in safe करा. कर्मचाऱ्यांच्या खासगी व्हीपीएनचे आयपी विश्वासू यादीत घालायचा आग्रह झाला तरी नकार द्या, कारण तो आयपी जगात कुणीही महिन्याचे पैसे भरून वापरू शकतो. कंपनीच्या स्वतःच्या व्हीपीएनचा पत्ता मात्र Named locations मध्ये जरूर नोंदवा.