चूक चिमटीएवढी, भरपाई पोतंभर? एका प्रतिक्रियेला उत्तर

"लेख वाचला, पण हा नियम काही पचला नाही. चूक चिमटीएवढी आणि भरपाई पोतंभर, हा कुठला न्याय? समोरच्याची कवटी अंड्याच्या टरफलासारखी आहे हे मला कसं कळणार? धडधाकट माणसाला जेवढं लागलं असतं, तेवढंच माझ्याकडून घ्या. बाकीचं त्याचं नशीब. उद्या माझ्या स्कूटरचा हलका धक्का लागून ठिसूळ हाडांच्या एखाद्या आजोबांचा खुबा मोडला तर मी घरदार विकायचं का? आणि हाच हिशेब असेल तर थोबाडीत मारल्यावर कुणी दगावला तर सरळ फाशीच द्या की!"

नमस्कार. तुमचा राग समजतो. पण त्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र गुंतलेत, ते सोडवून बघू. नियम असा: ज्याच्या चुकीनं इजा झाली त्यानं, समोरच्याचं शरीर कितीही नाजूक असलं तरी, झालेलं सगळं नुकसान भरायचं. तो प्रत्यक्षात कसा चालतो ते एका खटल्यात फार स्वच्छ दिसतं, म्हणून आधी तो खटलाच सांगतो.

इंग्लंडमधल्या एका कारखान्यात स्मिथ नावाचा कामगार लोखंडी वस्तूंवर जस्ताचा मुलामा द्यायचं काम करायचा. वितळलेल्या धातूच्या टाकीत क्रेननं वस्तू सोडायच्या आणि शिंतोडे उडतात म्हणून आपण पत्र्याच्या आडोशामागे उभं राहायचं. १९५० च्या ऑगस्टमध्ये एकदा क्रेन चालवताना तो मागे वळला, डोकं आडोशाच्या बाहेर आलं आणि वितळलेल्या धातूचा एक थेंब त्याच्या खालच्या ओठावर उडाला. भाजलं. त्या वेळी त्यानं ते फारसं मनावर घेतलं नाही. पण जखम भरेना, तिचा व्रण झाला, व्रणाचा कर्करोग झाला आणि १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला. बायकोनं कंपनीवर दावा लावला.

स्मिथनं आधी नऊ वर्षं गॅसच्या कारखान्यात डांबराशी संबंध येणारं काम केलं होतं. त्यामुळे ओठाच्या पेशी कर्करोगाच्या उंबरठ्यावर येऊन थांबल्या होत्या. भाजणं हे निमित्त ठरलं. ही गोष्ट स्मिथला माहीत नव्हती, कंपनीला तर नव्हतीच. कंपनीचा बचाव जवळपास तुमच्याच शब्दांतला होता: थेंबभर धातूनं माणूस मरेल हे कोणाला सुचेल?

न्यायमूर्ती लॉर्ड पार्कर यांनी प्रश्नाचे दोन भाग केले. आडोसा अपुरा होता का आणि त्यामुळे कामगार भाजू शकतो हे कंपनीला दिसायला हवं होतं का? हो. मग कंपनीची हलगर्जी इथेच सिद्ध झाली. त्या भाजण्यातून पुढे किती नुकसान झालं, हे मात्र ज्याला भाजलं त्याच्या शरीरावर अवलंबून, आणि ते शरीर जसं होतं तसं धरूनच मोजायचं. इजा कोणत्या जातीची होईल याचा अंदाज यायला हवा. ती किती खोल जाईल याचा नाही.

ही अट साधी समजू नका. स्मिथचा निकाल लागला त्याच १९६१ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे वसाहतींसाठीच्या शेवटच्या अपील न्यायालयानं, सिडनी बंदरातल्या तेलगळतीच्या खटल्यात उलटा निकाल दिला होता. जहाजातून सांडलेलं तेल पाण्यावर पेट घेईल हे कोणाला अपेक्षित नव्हतं, म्हणून बंदराचा धक्का जळाल्याच्या नुकसानीतून जहाजवाले सुटले. तिथे इजेची जातच अनपेक्षित होती. स्मिथच्या बाबतीत भाजणं अपेक्षित होतं. त्यामुळे तुमची चूकच नसेल, किंवा त्या चुकीतून त्या जातीची इजा होईल असं कोणालाही वाटलं नसतं, तर समोरच्याची कवटी कितीही पातळ असो, हा नियम तुमच्या दारात येत नाही.

आता 'धडधाकट माणसाएवढंच घ्या' या तुमच्या मागणीकडे येतो. ती ऐकायला रास्त वाटते, पण ती नेहमी एकाच बाजूनं केली जाते. तुम्ही बेफाम गाडी हाणली आणि ज्याला धडक दिली तो पैलवान निघाला, अंग झटकून चालू लागला, तर 'सर्वसाधारण माणसाचा पाय मोडला असता, घ्या त्याचे पैसे' असं म्हणत त्याच्यामागे कोण धावलंय? समोरच्याच्या दणकटपणाचा फायदा तुम्ही मुकाट खिशात घालता. मग नाजूकपणाचा तोटा तेवढा त्याच्या पदरात का? झालेलं नुकसान कोणाला तरी सोसावंच लागणार. एकीकडे निष्काळजीपणा केलेला माणूस, दुसरीकडे आजारी असणं एवढाच दोष असलेला. या दोघांत निवड करायची तर मला फार वेळ लागत नाही.

पण 'पोतंभर' हा शब्दही पूर्ण खरा नाही, आणि हे बहुतेक लोक विसरतात. स्मिथच्या खटल्यात लॉर्ड पार्कर यांनी भरपाईतून चांगलीच कपात केली. भाजला नसता तरी हा रोग त्याला पुढेमागे झाला असता, ही शक्यता खरी होती. म्हणजे कुटुंबाला त्याच्या कमाईचा आधार समजा वीस वर्षं मिळाला असता असं वरवर दिसत असेल, तर तो रोगामुळे मध्येच तुटला असता ही शक्यता त्यातून वजा करायची. चूक करणारा माणसाला जसा आहे तसा स्वीकारतो, म्हणजे त्याच्या आधीच खालावलेल्या भविष्यासकट. आजाराचा मुद्दा भरपाई नाकारण्यासाठी चालत नाही, रक्कम ठरवताना चालतो.

फाशीबद्दल. फौजदारी कायद्याचा रस्ता वेगळा, आणि त्याला आपल्याकडचंच उदाहरण आहे. १८७६ मध्ये गाजलेलं हे प्रकरण: आग्र्यात फुलर नावाच्या इंग्रज वकिलानं चर्चला निघताना गाडीजवळ हजर नाही म्हणून आपल्या सईसाला, कटवारूला, तोंडावर-डोक्यावर मारलं आणि केस धरून ओढलं. थोड्याच वेळात तो मेला. त्याची प्लीहा सुजलेली होती, ती फुटली. मलेरियाच्या मुलखात हे सर्रास आढळायचं. मॅजिस्ट्रेटनं दंड केला तीस रुपये! व्हाइसरॉय लिटननं त्यावर जाहीर ताशेरे ओढले, आणि माझ्या मते ते योग्यच होते. सुजलेली प्लीहा ही तेव्हा साहेबांची हुकमी ढाल झाली होती. तरीही तो खून ठरला नसता. आजारी माणसाला इजा करून त्याचं मरण अलीकडे ओढलं तर मृत्यू तुम्हीच घडवला असं २०२४ पर्यंतची आपली दंडसंहिता मानत होती (भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे). पण खुनासाठी हेतू किंवा जाणीव लागते. आजार माहीत असून मारलं तर गोष्ट वेगळी. माहीत नसताना थोबाडीत मारली तर दुखापतीचा गुन्हा. दिवाणी दाव्यात मात्र मनात काय होतं याला एवढं महत्त्व नाही. मृताच्या कुटुंबाला भरपाई मागू देणारा कायदा आपल्याकडे १८५५ पासून होता. तिथे 'प्लीहाच नाजूक होती' हे उत्तर पुरलं नसतं.

आता तुमच्या स्कूटरखाली सापडलेले आजोबा. पहिला प्रश्न, चूक तुमची होती का? सिग्नल तोडून ते अचानक आडवे आले असतील तर त्यांच्या चुकीचा वाटा वजा होतो; हाडं ठिसूळ असणं ही मात्र चूक नव्हे. तुमची चूक असेल तर खुबा मोडल्याचा सगळा खर्च तुमच्या बाजूला येतो, 'तरुणाला नुसतं खरचटलं असतं' हे चालणार नाही. घरदार विकायची वेळ मात्र सहसा येत नाही, कारण थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. तो उतरवलेला नसेल किंवा संपलेला असेल तर भीती खरी आहे. आणि आजोबा आधीपासूनच वॉकरवर असतील तर त्यांच्या जुन्या फायली, एक्स-रे महत्त्वाचे ठरतात: अपघाताआधी ते किती चालत होते आणि नंतर किती, या फरकाचेच पैसे द्यायचे असतात.