‘बँक आधी सगळं व्याज काढून घेते’ हा फॉरवर्ड आणि त्यातली गणितं

फॉरवर्ड असा आहे: “सावधान! ईएमआय म्हणजे एव्हरी मंथ इंटरेस्ट. माझ्या मित्राने ३० लाखांचं होम लोन घेतलं, ९ टक्के, २० वर्षं, हप्ता २६,९९२. पाच वर्षं भरल्यावर मुद्दल फक्त ३ लाख ४० हजार फिटलं! बँक आधी स्वतःचं सगळं व्याज वसूल करते आणि मग मुद्दलाला हात लावते. म्हणून पाच वर्षांनंतर प्रीपेमेंट करून काही उपयोग नाही, व्याज तर देऊन झालेलं असतं. सांगतात ९ टक्के आणि घेतात ११६ टक्के. एकच दिलासा, हप्ता फिक्स असतो त्यामुळे दर वाढला तरी आपल्याला झळ नाही.”

मित्राचे आकडे खरे आहेत बरं का, मी एक्सेलमध्ये टाकून बघितले, बरोबर येतात. त्यातून काढलेले निष्कर्ष मात्र जवळजवळ सगळे चुकलेत.

आधी नाव निस्तरू. ईएमआय म्हणजे इक्वेटेड मंथली इन्स्टॉलमेंट, दर महिन्याला सारखा येणारा हप्ता. त्यात इंटरेस्ट हा शब्दच नाहीये. आणि ‘सारखा’ आहे तो फक्त एकूण हप्ता, त्याच्या आतली वाटणी दर महिन्याला बदलते, आणि ती बदलते एकाच साध्या नियमाने: गेल्या महिन्यात तुमच्याकडे जेवढी बाकी होती तेवढ्यावरचं एका महिन्याचं व्याज आधी वळतं करायचं, हप्त्यातून जे उरेल ते मुद्दलात जमा. बस, यापलीकडे काही नाही.

आता मित्राच्याच लोनवर हे लावून बघा. ९ टक्के वर्षाला म्हणजे महिन्याला पाऊण टक्का. पहिल्या महिन्यात बाकी पूर्ण ३० लाख, त्याचा पाऊण टक्का २२,५००. हप्ता २६,९९२, म्हणून मुद्दलात गेले ४,४९२. दुसऱ्या महिन्यात बाकी २९,९५,५०८, त्यावर व्याज २२,४६६, मुद्दलात ४,५२६. म्हणजे चौतीस रुपये इकडचे तिकडे झाले. दर महिन्याला हे असंच थोडं थोडं सरकत जातं, सुरुवातीला इतकं हळू की वाटतं काहीच होत नाहीये. पण पहिल्या महिन्यापासून मुद्दल फिटतंय, ‘आधी सगळं व्याज, मग मुद्दल’ असा टप्पाच कुठे नाही. आणि पुढच्या महिन्यांचं व्याज आज घेतलं असंही कुठे नाही, तुम्ही ३० लाख वापरताय म्हणून ३० लाखांवरचं महिन्याचं व्याज देताय, उद्या १८ लाख वापरत असाल तर १८ लाखांवरचं द्याल. व्याज सुरुवातीला जास्त दिसतं कारण सुरुवातीला बाकी जास्त असते, एवढंच.

तो १८ लाखांचा आकडा मी उगाच नाही घेतला. या लोनमध्ये बाकी १८ लाखांच्या खाली गेली की हप्त्यातला अर्ध्याहून जास्त भाग मुद्दलात जायला लागतो, आणि ते होतं १४९व्या हप्त्याला, म्हणजे साडेबारा वर्षांच्या आसपास. शेवटच्या हप्त्यात व्याज असतं जेमतेम २०० रुपये. ज्याला खात्री करायची त्याने कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे टाकावं, पहिली ओळ हप्ता देते, पुढच्या दोन ओळी ६१व्या हप्त्यातलं व्याज आणि मुद्दल देतात:

```
=PMT(9%/12,240,-3000000)
=IPMT(9%/12,61,240,-3000000)
=PPMT(9%/12,61,240,-3000000)
```

उत्तर येईल १९,९५९ व्याज आणि ७,०३३ मुद्दल. स्टेटमेंटवर मात्र अगदी हाच आकडा दिसेल असं नाही, कारण बऱ्याच ठिकाणी व्याज रोजच्या बाकीवर मोजतात. मग ३१ दिवसांच्या महिन्यात ३० लाखांवर साधारण २२,९३२ लागतात आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत २०,७१२. हा फरक बघून ‘बँकेने चोरी केली’ म्हणून ओरडू नका, आधी महिन्याचे दिवस मोजा. (पूर्वी वार्षिक घटत्या बाकीची पद्धत होती, वर्षभर भरलेलं मुद्दल वर्ष संपल्यावरच बाकीतून वजा व्हायचं, तेव्हा तक्रारीत थोडा दम होता. मला वाटतं घराघरातला राग तिथूनच चालत आलाय.)

प्रीपेमेंटच्या मुद्द्यावर मला खरंच राग येतो, कारण हे वाचून लोक हातातले पैसे लोनमध्ये टाकत नाहीत. पाच वर्षांनी मित्राची बाकी आहे २६ लाख ६१ हजार. त्याने त्या दिवशी २ लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला तर काय होईल? पुढच्याच महिन्यात त्या २ लाखांवरचं १,५०० रुपये व्याज लागणार नाही, ते १,५०० मुद्दलात जातील, मग त्यांच्यावरचंही व्याज वाचेल, असं करत करत उरलेले १८० हप्ते १५५ वर येतात आणि त्यातला शेवटचा तर अगदी किरकोळ असतो. जवळपास सव्वीस हप्ते गेले म्हणजे सात लाखांच्या आसपास भरायचे वाचले, त्यातून टाकलेले २ लाख वजा केले तर निव्वळ व्याज वाचलं जवळजवळ ५ लाख. जे व्याज ‘देऊन झालेलं’ होतं ते वाचलं कसं? कारण ते अजून लागलेलंच नव्हतं.

दहा वर्षांनी तेच २ लाख टाकले तर? बाकी २१ लाख ३१ हजार, सतरा हप्ते कमी होतात, व्याज वाचतं २ लाख ६० हजारांच्या आसपास. आकडा कमी झाला म्हणून लोकांना वाटतं उशीर झाला, पण तेव्हाही २ लाख टाकले की पुढच्या महिन्यात १,५०० च वाचतात, अगदी तेवढेच. फक्त ते वाचत राहायला वर्षं कमी उरलेली असतात. तेव्हा लवकर टाकलं तर जास्त फायदा हे खरं, पण नंतर टाकण्यात अर्थ नाही हे खोटं. ९ टक्के वाचवणं विरुद्ध ते पैसे दुसरीकडे गुंतवून काय मिळेल, हा वेगळा हिशोब, तो ज्याने त्याने करावा.

आणि हे करताना एक गोष्ट नक्की बघा: पैसे भरल्यावर बँक मुदत कमी करते की हप्ता. मी वर जे सांगितलं ते मुदत कमी केल्यावरचं आहे, हप्ता कमी करून घेतला तर बचत बरीच कमी होते. काउंटरवर तोंडी सांगून येऊ नका, अर्जात लिहून द्या आणि नवीन रिपेमेंट शेड्यूल मागून घ्या. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या होम लोनवर बँका प्रीपेमेंटचा दंड लावू शकत नाहीत, रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच ते बंद केलंय.

११६ टक्क्यांचं बघू. एकूण व्याज ३४ लाख ७८ हजार होतं, भागिले ३० लाख, ११६ टक्के, भागाकार बरोबर. पण ९ टक्के हे एका वर्षाचं पैशाचं भाडं आहे आणि ११६ हे वीस वर्षांच्या भाड्याची बेरीज आहे, दोन्ही शेजारी ठेवून फसवणूक झाली म्हणणं म्हणजे घरमालकाने वीस वर्षांचं भाडं एकदम मागितलं असं म्हणण्यासारखं. हेच लोन याच ९ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडलं तर हप्ता ३८ हजारांवर जातो आणि एकूण व्याज साधारण १५ लाख ६० हजार, म्हणजे निम्म्याहूनही कमी. दर तोच, बँक तीच, फरक मुदतीने पडला.

हां, सांगतात एक आणि घेतात दुसरं असं खरंच होतं ते ‘फ्लॅट रेट’मध्ये. टू-व्हीलरच्या, मोबाइलच्या लोनवर सेल्समन ९ टक्के फ्लॅट म्हणतो. १ लाख, तीन वर्षं, व्याज सरळ २७ हजार, १,२७,००० भागिले ३६, हप्ता ३,५२८. इथे तुमची बाकी दर महिन्याला कमी होतेय तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण १ लाखावर धरलेलं असतं. घटत्या बाकीच्या भाषेत हा दर १६ टक्क्यांच्या वर जातो. तेव्हा दर विचारताना ‘फ्लॅट का रिड्युसिंग’ हे विचारा. फॉरवर्ड बनवणाऱ्याने हे लिहिलं असतं तर मी स्वतः चार ग्रुपवर पाठवला असता.

राहिला तो दिलासा, तो तर सगळ्यात घातक. फ्लोटिंग लोनमध्ये दर वाढला की बऱ्याचदा हप्ता तसाच ठेवतात आणि मुदत वाढवतात, म्हणून कळतच नाही. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ झाला, आणि कित्येकांच्या खात्यातून दर महिन्याला तेवढेच पैसे जात राहिले. मित्राचा दर सुरुवातीलाच ९ चा १० झाला असं धरा: ३० लाखांवर महिन्याचं व्याज २५,०००, हप्ता २६,९९२, मुद्दलात उरले १,९९२. तोच हप्ता ठेवून हे लोन फिटायला २४० च्या जागी ३१४ च्या आसपास हप्ते लागतात, म्हणजे वीस वर्षांचं लोन सव्वीस वर्षांचं झालं. दर १०.८ झाला तर व्याजच २७,००० होतं, हप्ता त्यालाही पुरत नाही, आणि भरत असूनही बाकी वाढायला लागते.

यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये नियम आणलाय. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडं थोडं दोन्ही, हे निवडायला ग्राहकाला द्यायचं, आणि मुदत वाढवताना हप्त्यातून व्याजही निघत नाही अशी वेळ येऊ द्यायची नाही. शिवाय दर तिमाहीला स्टेटमेंट द्यायचं, त्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल, व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर एवढं तरी असायलाच हवं. ते ॲपमध्ये कुठेतरी पडलेलं असतं, शोधा. त्यातला ‘उरलेले हप्ते’ हा आकडा मागच्या तिमाहीच्या आकड्याशी लावून बघा, तीनने कमी व्हायला हवा. तेवढाच राहिला असेल किंवा वाढला असेल तर तुमचा दर वाढलाय आणि मुदत लांबवलीय, त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज द्या की मला हप्ता वाढवून मुदत पूर्वीचीच हवी आहे.