मेहनती, जिज्ञासू आणि ध्येयवेडी वगैरे वगैरे

"मी एक मेहनती, जिज्ञासू आणि ध्येयवेडी विद्यार्थिनी असून माझ्यात उत्तम नेतृत्वगुण व संवादकौशल्य आहे. नवनवीन गोष्टी शिकण्याची मला प्रचंड आवड आहे. आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन."

आज सकाळी भाचीने हे पाठवलं. खाली लिहिलं होतं, "मावशी, बघ ना, ठीक आहे का?"

नाही गं बाई, अजिबात ठीक नाही.

पोरगी नववीत आहे. पावसाच्या आणि पाण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या एका छोट्या संस्थेत सुट्टीत दोन आठवड्यांची इंटर्नशिप आहे, शाळेतल्या मुलांसाठीच. आयुष्यातला पहिला अर्ज. त्यात एक चौकोन आहे, 'स्वतःबद्दल शंभर शब्दांत लिहा.' तर त्या चौकोनात हे. मी तिला ती रांगत होती तेव्हापासून ओळखते आणि या तीन वाक्यांत मला ती कुठेही सापडली नाही. ही वाक्यं वाचून तिच्याबद्दल इतकंच कळतं की तिला टाईप करता येतं.

विचारलं, हे तू लिहिलंस? तर म्हणे, "मी वेगळं लिहिलं होतं, काकांनी सुधारून दिलं." म्हटलं, ते वेगळं आधी पाठव.

ते असं होतं: "मी शाळेच्या विज्ञान मंडळात आहे. आम्ही पर्जन्यमापक बनवला. मी नाटकाच्या ग्रुपमध्ये पण आहे पण मी काम करत नाही, मागे असते. मला क्यूब सोडवायला आवडते. मला अनुभव नाही पण मी शिकेन."

आता तुम्हीच सांगा, यातलं सुधारायचं होतं ते काय आणि काकांनी केलं काय! मंडळ गेलं, पर्जन्यमापक गेला, नाटक गेलं, क्यूब गेला. मुलीने जे जे खरोखर केलं होतं ते सगळं पुसून त्या जागी विशेषणं भरली. आणि याला आपण 'इम्प्रेसिव्ह' म्हणतो.

असले अर्ज आमच्या ऑफिसात माझ्याच टेबलावर येतात, म्हणून जरा जास्तच चिडचिड होते. मेहनती, जिज्ञासू, टीम प्लेयर असं प्रत्येकच मूल लिहितं, त्यामुळे डोळा त्यावरून नुसता घसरत जातो. चौदा वर्षांच्या मुलाकडे कामाचा अनुभव असेल अशी वाचणाऱ्याची अपेक्षाच नसते. तो बघत असतो की या मुलाला एखादं काम दिलं तर ते रोज होईल का, आणि काही बिघडलं तर हे मूल येऊन सांगेल की लपवेल. याचं उत्तर विशेषणात नसतं. ते पर्जन्यमापकात असतं.

म्हणून तिला फोन लावला. "पर्जन्यमापक बनवला म्हणजे नेमकं काय केलं?"

"प्लास्टिकची बाटली घेतली, वर नरसाळं बसवलं, बाजूला पट्टी चिकटवली."

"हे सगळं तू केलंस?"

"नाही, आम्ही चौघं होतो. बाटलीचं काम दुसऱ्याने केलं. मी रोज सकाळी रीडिंग घेऊन तक्त्यात भरायचे."

"रोज?"

"हो, पावसाळाभर. सुट्टीच्या दिवशी पण जायचे."

बघा. 'मेहनती' या शब्दात जे कोंबायचा प्रयत्न चालला होता ते हे आहे, आणि ते अर्जात कुठेच नव्हतं. मग जरा थांबून बाईसाहेब म्हणाल्या, "पण मावशी, आमचं आधी चुकलं होतं."

काय चुकलं होतं? तर नरसाळ्याचं तोंड होतं १४ सेंटीमीटर रुंद आणि बाटली ७. तोंड दुप्पट रुंद म्हणजे क्षेत्रफळ चौपट. वरून पाणी गोळा होतंय मोठ्या गोलावर आणि साठतंय त्याच्या चौथाई जागेत, त्यामुळे बाटलीतली पातळी खऱ्या पावसाच्या चौपट चढते. पट्टीवर ४० मिलिमीटर दिसले तर पाऊस झालेला असतो १०. सुरुवातीला ही मंडळी पट्टीवरचा आकडा तसाच लिहीत होती. कळलं कसं, तर मंडळातल्या कोणीतरी शेजारी एक सरळ उभ्या भिंतींचा डबा ठेवला होता. अशा डब्याचं तोंड आणि तळ सारखाच, त्यामुळे त्यात पट्टी बुडवली की पाऊस थेट मोजता येतो. डब्याचा आकडा आणि बाटलीचा आकडा जुळेना. हिने दोन्ही रीडिंग शेजारी शेजारी मांडली, फरक दर वेळी साधारण चौपटच येतोय हे पाहिलं आणि मग नरसाळं मोजलं.

"मग जुनी रीडिंग फेकून दिलीत?"

"नाही. तो रकाना तसाच ठेवला आणि शेजारी चारने भागून नवीन रकाना केला. खाली लिहिलं का केलं ते."

मी खुर्चीत जरा सरळ होऊन बसले. नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला नववीतल्या मुलीकडून याहून जास्त काय हवं असतं? आकडा संशयास्पद वाटला, दुसऱ्या साधनाशी ताळा केला, कारण शोधलं, जुना आकडा न खोडता दुरुस्ती केली. मोठमोठे लोक मूळ आकड्यावरच खाडाखोड करून बसतात आणि मग सगळं ऑफिस शोधत बसतं की आधी काय होतं.

"हे का नाही लिहिलंस?"

"चूक कोण लिहितं अर्जात?"

ही अक्कल आपण मोठ्यांनीच दिली ना त्यांना? चौपट आकड्यांची गोष्ट ही तिच्या अर्जातली सगळ्यात भक्कम गोष्ट, आणि तीच तिने लाजून गिळली होती. चूक नुसती लिहून भागत नाही हे खरं. ती कशी सापडली आणि पुढे काय केलं ते दोन ओळींत आलंच पाहिजे, नाहीतर ती नुसती कबुली होते.

दुसरी गंमत नाटकाची. "मी काम करत नाही, मागे असते" हे तिने किती ओशाळून लिहिलंय! विचारलं तर कळलं, प्रॉपर्टी तिच्याकडे असते. कुठल्या प्रवेशात कुठली वस्तू, ती कुठल्या विंगेतून जाणार, कोणाच्या हातात, परत कोण आणणार, याची यादी ती करते. आणि काकांनी याचंच 'नेतृत्वगुण' करून टाकलं होतं! आता समजा मुलाखतीत कोणी सहज विचारलं, "अगं वा, किती जणांचं नेतृत्व केलंस?" तर हिने काय सांगायचं? मूल तिथेच गांगरतं, आणि मग खरं केलेलं कामसुद्धा त्याला धड सांगता येत नाही. शंभर शब्दांतलं प्रत्येक वाक्य हे पुढच्या प्रश्नाचं आमंत्रण असतं. ज्या वाक्यावर दोन मिनिटं बोलता येत नाही ते वाक्य तिथे नको. 'यादी करते' हे 'नेतृत्व करते' पेक्षा लहान दिसतं, पण त्यावर ती दहा मिनिटं बोलेल.

"अनुभव नाही पण शिकेन" हे मी पहिल्या फटक्यात काढायला लावलं. अर्ज शाळेच्या मुलांसाठीच आहे, अनुभव नसणार हे त्यांना ठाऊक आहे. माफी मागण्यात शब्द कशाला घालवायचे?

मग आम्ही फोनवरच लिहीत गेलो. वाक्यं तिचीच आहेत, मी फक्त टोकत होते:

"मी नववीत शिकते आणि शाळेच्या विज्ञान मंडळात आहे. यंदा आम्ही चौघांनी बाटली आणि नरसाळे वापरून पर्जन्यमापक बनवला. पावसाळ्यात रोज सकाळी आठ वाजता रीडिंग घेऊन तक्त्यात भरायचे काम माझ्याकडे होते. सुरुवातीचे आकडे चौपट येत होते, कारण नरसाळ्याचे तोंड बाटलीच्या दुप्पट रुंद होते. शेजारच्या सरळ डब्याशी ताळा जमेना तेव्हा हे लक्षात आले. जुना रकाना तसाच ठेवून मी शेजारी दुरुस्त आकडे लिहिले. शाळेच्या नाटकात मी प्रॉपर्टी सांभाळते. प्रत्येक प्रवेशाची यादी मी तयार करते. स्प्रेडशीटमध्ये बेरीज, सरासरी आणि साधा आलेख मला जमतो. तुमच्याकडे नोंदी कशा तपासतात ते मला शिकायचे आहे."

एकही विशेषण स्वतःबद्दल नाही. तरी मुलगी दिसते की नाही?

पर्जन्यमापकाला निम्म्याहून जास्त जागा दिली, कारण संस्था पाण्याच्या नोंदींची आहे. हाच अर्ज एखाद्या नाट्यसंस्थेत गेला असता तर विंगेतली यादी वर आली असती आणि पाऊस एका ओळीत आटोपला असता. स्प्रेडशीटचंही तेच. आधी तिने 'कॉम्प्युटरचे उत्तम ज्ञान' असं सुचवलं होतं. म्हटलं, काय काय येतं ते सांग, तेवढंच लिही. पहिल्या दिवशी तुला कुठल्या कामाला बसवायचं हे त्यांना त्यावरूनच ठरवायचंय.

हो, काही ठिकाणी ढिगाने अर्ज येतात आणि जाहिरातीतले शब्द शोधून चाळणी लावतात, मान्य. तर मग जाहिरातीत 'नोंदी' असेल तर 'नोंदी' लिहा, ते आम्हीही लिहिलंच. आणि अर्जात 'नेतृत्वाचा प्रसंग सांगा' असं सरळ विचारलं असेल तर तो सांगावाच लागेल. इथे विचारलं नव्हतं.

काकांवर आता तितका राग नाही, खरं तर. माणूस जीव लावूनच करतो. त्यांना भीती की पोरीचं साधं काम पाहून लोक हसतील. पण निदान दुरुस्त करण्याआधी तिला एकदा 'म्हणजे नेमकं काय केलंस' एवढं विचारायचं होतं. ते त्यांनी विचारलं नाही याचा मात्र राग आहे, आणि तो लिहिता लिहिता परत चढतोय, तेव्हा पुढे जाते.

घरचा पत्ता, फोन नंबर, जन्मतारीख तिने पहिल्याच ओळीत घातली होती. काढली. ते सगळं अर्जात वेगळ्या रकान्यात आहेच, आणि असा परिच्छेद दहा जणांच्या हातात फिरतो. दुसरं म्हणजे काही फॉर्म शब्द न मोजता अक्षरं मोजतात, मोकळ्या जागांसकट, आणि मर्यादा ओलांडली की शेवट गुपचूप कापतात. म्हणून चिकटवून झाल्यावर शेवटचं वाक्य पूर्ण दिसतंय का ते बघायला सांगितलं.

आता क्यूब. आमचं एवढ्यावरूनच वाजलं. मी म्हणत होते काढ, 'फावल्या वेळात क्यूब सोडवते' हे कोणीही लिहितं. ती ऐकेना. शब्द शंभराच्या आत होते, थोडी जागा उरली होती. शेवटी विचारलं, क्यूबचं तू विशेष काय करतेस? तर म्हणे, दर वेळी किती वेळ लागला ते वहीत लिहून ठेवते. अगं मग ते लिही ना! "क्यूब सोडवायला लागलेला वेळ मी वहीत लिहून ठेवते." बसलं.

उद्या वर्गशिक्षिकांना वाचून दाखवायचं ठरलंय, म्हणजे मंडळात खरोखर असंच झालं होतं ना हे त्याही सांगतील. आणि आत्ता कळलं की बाटलीचं काम करणारा तो मुलगाही तिथेच अर्ज करतोय. त्याने अर्जात "आम्ही रोज रीडिंग घेतली" असं लिहिलंय म्हणे. एकाच टेबलावर दोन्ही अर्ज पोचले की काय होईल ते सांगायला नको. त्यालाही निरोप धाडलाय: बाबा रे, बाटली कशी कापलीस, नरसाळं गळू नये म्हणून काय केलंस, ते तू लिही. रीडिंग तिची आहेत.