निर्णय लांबला तर उमेदवाराला काय कळवायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

> "लेख वाचला. निर्णयच झालेला नसताना कळवायचं काय? 'अजून ठरलेलं नाही' हे सांगायला मेल कशाला, ते उमेदवाराला दिसतंच आहे. उलट अशा मेलने आशा वाढते आणि नंतर नकार दिला की शिव्या आम्ही खातो. एका जागेला चाळीस अर्ज येतात, एचआरमध्ये माणूस एक. आदल्या दिवशी म्हणे मेल पाठवा! टेम्प्लेट लिहायला काय जातं, प्रत्यक्षात कधी भरती केली आहे का?"

नमस्कार. कबूल केलेल्या तारखेला निर्णय होणार नसेल तर उमेदवाराला आदल्या दिवशी मेल पाठवून तसं कळवावं, असं मी लेखात सुचवलं होतं. त्यावरची ही प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचताना शेवटचं वाक्य बोचलं, म्हणून लगेच उत्तर लिहिलं नाही. त्या वाक्याचं आधी बघू. अकरा वर्षं भरतीचंच काम करते आहे आणि मंजुरी अडकल्यावर उमेदवारांचे फोन स्वतः घेतले आहेत. हे लेखात लिहिलं नव्हतं, कारण लेख माझ्याबद्दल नव्हता. एखादी सूचना चुकीची वाटली तर ती का चुकीची ते लिहा, मी सुधारेन. लिहिणाऱ्याने कधी काम केलं आहे का, असं विचारून सूचना खोटी ठरत नाही. आणि ते 'म्हणे' नसतं तरी तुमचं म्हणणं कळलं असतं.

एक गोष्ट मान्य करते. 'आदल्या दिवशी' हे मी ढिलेपणाने लिहिलं. कबूल केलेली तारीख सोमवार असेल तर आदला दिवस रविवार येतो, आणि रविवारी कुणी मेल पाठवावी असं मला म्हणायचं नव्हतं. 'आदल्या कामाच्या दिवशी, दुपारी चारच्या आत' असं हवं होतं. चारच्या आत एवढ्यासाठी, की मेल वाचून कुणाला प्रश्न पडला तर त्याच दिवशी फोन करायला वेळ उरतो. लेखात तसा बदल केला आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. तो तुम्ही टोमणा म्हणून विचारला असला तरी प्रश्न खरा आहे आणि पुष्कळांना पडतो. निर्णय झालेला नाही हे उमेदवाराला दिसतं, हे तुमचं गृहीतकच चुकलं आहे. त्याला फक्त निरोप आलेला नाही एवढं दिसतं. निरोप न येण्याचे अर्थ त्याच्या बाजूने किमान चार होतात: नकार ठरला आहे पण कळवायचं राहिलं, दुसऱ्याला ऑफर गेली आहे आणि त्याच्या होकाराची वाट बघताहेत, जागाच रद्द झाली, किंवा खरोखर निर्णय व्हायचा आहे. चारही बाबतींत त्याने सारखंच वागून चालत नाही. पहिल्या तिन्हींत त्याने दुसरीकडे जोर लावावा, चौथ्यात थोडं थांबणं परवडतं. यातलं कोणतं लागू आहे हे तुम्हाला माहीत असतं, त्याला नसतं.

म्हणून अशा मेलमध्ये निर्णय सांगायचाच नसतो. चार गोष्टी सांगायच्या असतात: कबूल केलेल्या तारखेला निर्णय होणार नाही, काम कोणत्या टप्प्यावर अडलं आहे, पुढचा निरोप कोणत्या तारखेला येईल, आणि मधल्या काळात उमेदवाराकडून काही हवं आहे का. यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती नीट वाचा: निर्णयाची तारीख नाही, निरोपाची तारीख. निर्णय हायरिंग मॅनेजर, फायनान्स आणि वरची मंजुरी यांच्या हातात असतो. निरोप तुमच्या हातात असतो. जे आपल्या हातात आहे त्याचीच तारीख द्यावी, म्हणजे ती पाळता येते.

तारीख काढायची कशी, यासाठी एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. अंतिम मुलाखती झाल्या, चार उमेदवार उरले आणि त्यांना 'शुक्रवार, 14 तारखेपर्यंत कळवू' असं सांगितलं. बुधवारी 12 तारखेला एचआरने हायरिंग मॅनेजरला विचारलं, तर कळलं की निवड झाली आहे, पण पगाराच्या आकड्याला फायनान्सची सही बाकी आहे आणि सही करणारी व्यक्ती गुरुवारी 20 तारखेला रजेवरून परत येते. इथे बहुतेक जण '20 तारखेला कळवू' असं लिहून मोकळे होतात आणि दुसऱ्यांदा तोंडघशी पडतात. परत आलेल्या माणसासमोर आठवड्याभराचं काम साचलेलं असतं. सहीला दोन कामाचे दिवस धरले की सोमवार, 24 तारीख. ऑफर लेटर तयार होऊन तपासायला एक दिवस, म्हणजे मंगळवार, 25. एक दिवस हातचा ठेवला की बुधवार, 26. मेलमध्ये 26 लिहायचं. आधी झालं तर आधी कळवता येतंच. आणि '26 तारखेपर्यंत' म्हणा, 'लवकरच' किंवा 'पुढच्या आठवड्यात' नको. पुढचा आठवडा सोमवारीही सुरू असतो आणि शुक्रवारीही, त्यामुळे उमेदवार पाच दिवस रोज मेल उघडून बघतो आणि तुम्हाला पाच वेळा विचारणा येऊ शकते.

गुरुवारी, 13 तारखेला जायची मेल अशी:

> "उद्या, शुक्रवारी 14 तारखेला निर्णय कळवू असं आम्ही सांगितलं होतं. ते शक्य होणार नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत. मुलाखतींचं काम पूर्ण झालं आहे, अंतर्गत मंजुरी बाकी आहे. बुधवार, 26 तारखेपर्यंत आम्ही आपल्याला नक्की कळवू, निर्णय झाला असो वा नसो. आपल्याकडून सध्या काही नको. मधल्या काळात दुसऱ्या ऑफरला उत्तर द्यायची मुदत येत असेल, तर ती तारीख आम्हाला कळवा आणि आमच्यासाठी ती ऑफर सोडू नका."

खाली माणसाचं नाव आणि थेट फोन नंबर, आणि उत्तर देता येईल असाच पत्ता. ज्या पत्त्यावर उत्तर जात नाही तिथून ही मेल पाठवली तर शेवटच्या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

कारण सांगताना टप्पा सांगा, माणूस सांगू नका. 'अंतर्गत मंजुरी बाकी आहे' पुरे. कोण रजेवर आहे, बजेटवरून कुणाचं कुणाशी पटत नाही, हे उमेदवाराला कळायची गरज नाही. पण टप्पा खोटाही सांगू नये. निवड होऊन गेली असताना 'मुलाखती अजून सुरू आहेत' असं लिहिलं आणि पॅनेलमधल्या कुणी त्याला फोनवर खरं सांगितलं, तर पुढची तारीख पाळूनही तो विश्वास ठेवणार नाही. म्हणून मेल जाण्याआधी मुलाखत घेतलेल्या सगळ्यांना तीच तारीख आणि तेच वाक्य कळवा.

'आशा वाढते' या मुद्द्यात तथ्य आहे, पण ते मेल पाठवण्यात नसून शब्दांत आहे. 'आपली मुलाखत सगळ्यांना फार आवडली, फक्त थोडी औपचारिकता बाकी आहे' असं लिहिलं तर आशा वाढणारच, आणि मग शिव्याही रास्तच. वरच्या मजकुरात कौतुकाचा एक शब्द नाही, तो यामुळेच. चौघांनाही तो मजकूर तसाच जाऊ शकतो, आणि निवड झालेल्यालाही सही होईपर्यंत यापेक्षा जास्त सांगू नये. तो त्या भरवशावर राजीनामा देऊ शकतो, आणि सही न झाल्यास त्याची एक नोकरी गेलेली आणि दुसरी मिळालेली नाही, अशी स्थिती होते.

दुसऱ्या क्रमांकावरच्या उमेदवाराबाबत हात आखडतो, कारण तो खरं तर पहिल्याच्या होकारावर टांगलेला असतो. त्याला 'तुम्ही राखीव आहात' असं लिहू नका, आणि पहिल्याच्या ऑफरची माहिती देणंही बरोबर नाही. त्याने थेट विचारलं तर 'इतर उमेदवारांबद्दल बोलता येत नाही, पण आपल्याला ऑफर मिळेल असं आज सांगण्याच्या स्थितीत मी नाही' हे उत्तर खरं आहे आणि त्याच्या उपयोगाचंही आहे. सोमवारी मुदत संपणारी ऑफर त्याच्या हातात असेल तर या एका वाक्यावर तो निर्णय घेऊ शकतो. तुम्ही गप्प राहिलात तर त्याला तो अंधारात घ्यावा लागतो. हे तुम्हाला किरकोळ वाटत असेल, तर तुमच्या बाजूने प्रतीक्षेचा खर्च शून्य आहे म्हणून वाटतं.

चाळीस अर्जांबद्दल जास्त लिहीत नाही. तारीख चाळीस जणांना दिलेलीच नसते. ज्यांना दिली त्यांनाच कळवायचं आहे, आणि अंतिम फेरीत ते तीन-चार असतात. चार मेल लिहायला वेळ नाही असं म्हणत असाल, तर अडचण वेळेची नाही. मात्र चौघांना एकच मेल एकत्र पाठवू नका. बीसीसीऐवजी चुकून 'टू'मध्ये पत्ते गेले की चौघांना एकमेकांची नावं कळतात, आणि त्यातल्या एखाद्याच्या सध्याच्या ऑफिसपर्यंत बातमी पोचली तर ती मागे घेता येत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत आलं नाही, पण प्रत्यक्षात घडणारी एक चूक सांगते. भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये उमेदवाराचा टप्पा बदलला की काही ठिकाणी आपोआप मेल जाते. 'प्रतीक्षेत' असा टप्पाच नसल्याने कुणी घाईत त्याला 'बंद' मध्ये टाकतं, आणि सकाळी 26 तारखेचं आश्वासन मिळालेल्या माणसाला दुपारी नकार पोचतो. टप्पा हलवण्याआधी त्याला कोणती मेल जोडलेली आहे ते उघडून बघा. त्याहून सोपं म्हणजे टप्पा आहे तिथेच ठेवा आणि नोंदीत फक्त नवी तारीख लिहा.

राहिला 26 तारखेचा प्रश्न. सही त्याही दिवसापर्यंत होणार नाही असं दिसलं तर 25 तारखेलाच पुन्हा लिहायचं, पण या वेळी मेलआधी फोन, कारण दुसऱ्यांदा तारीख हलली की लेखी दिलगिरी कोरडी वाटते. तिसरी तारीख देण्याआधी हायरिंग मॅनेजरला विचारा की जागा खरोखर मंजूर आहे का. त्याचं उत्तर 'बघू' असेल, तर उमेदवाराला तारीख देऊ नका. जागा सध्या थांबवली आहे असंच सांगा. आणि चौघांपैकी कुणाची निवड कोणत्याही परिस्थितीत होणार नाही असं बुधवारीच ठरलं असेल, तर त्यांना गुरुवारी ही मेल नको, नकार द्या. शिव्यांची भीती आहे ना, मग तेरा दिवस थांबवून नकार देण्यापेक्षा त्या दिवशी कमी पडतील.

पुढच्या वेळी माझी पात्रता नको, मजकूर तपासा. वरच्या मेलमधलं कोणतं वाक्य तुमच्याकडे पाठवता येणार नाही आणि का, तेवढं लिहा. त्याचं उत्तर मी नक्की देईन.