काकांच्या पेन्शनचा फोटो आणि बहात्तर हजारांचा घोळ

पेन्शन स्लिप बँकेच्या साइटवरून पीडीएफमध्ये डाऊनलोड होते, अगदी स्वच्छ, झूम केली तरी अक्षर फाटत नाही. पण आमच्याकडे ती त्या रूपात कधीच येत नाही. काका आधी कॉम्प्युटरवर ती उघडतात, मग मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढतात, तो काकूंना पाठवतात, काकू फॅमिली ग्रुपवर टाकतात आणि तिथून तो माझ्याकडे येतो, 'बघ रे जरा' एवढंच लिहून. फोटोत स्क्रीनच्या आडव्या रेघा, वर फ्लॅशचा पांढरा गोळा आणि खालच्या कोपऱ्यात काकांच्या अंगठ्याचं पाव टक्का दर्शन.

नोव्हेंबर 2024 चा फोटो आला तेव्हा मात्र फोनही आला, म्हणजे मामला गंभीर.

"अरे, पेन्शन बहात्तर हजार झाली माझी! गेल्या महिन्यात चौसष्ट होती. आणि टॅक्स बघ, सव्वीस हजार कापलाय, लूट आहे नुसती!"

एका वाक्यात आनंद आणि संताप, आणि गंमत म्हणजे दोन्हीला काहीच आधार नव्हता. काका 2019 ला केंद्र सरकारच्या एका ऑफिसातून रिटायर झालेत, आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिलांत चुका काढल्यात, पण स्वतःच्या स्लिपमध्ये ते फक्त सगळ्यात खालचा आकडा आणि सगळ्यात मोठी वजाबाकी एवढंच बघतात.

मी फोटो मोठा केला. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला वजा. जमेच्या पहिल्या ओळीत बेसिक 60,000, हे नीट दिसत होतं. खाली DR, म्हणजे पेन्शनरांचा महागाई भत्ता, तिथे 31,800 किंवा 81,800, रेघांमुळे कळेना. त्याखाली ARR, म्हणजे थकबाकी, तिथला पहिला आकडा फ्लॅशच्या गोळ्यात विरघळलेला, उरलं फक्त 200. उजवीकडे COMM 24,000, आणि IT समोर दोन हजार तीनशे त्रेसष्ट किंवा त्र्याऐंशी. नेट 72 हजार सहाशे आणि पुढे अंगठा.

अशा वेळी डोळे बारीक करून काही होत नाही, चष्मा पुसूनही नाही. आकडे एकमेकांना बांधलेले असतात, एक दिसला की दुसरा पळू शकत नाही. त्या वर्षी जुलैपासून भत्ता 50 टक्क्यांवरून 53 टक्के झाला होता. साठ हजाराचे 53 टक्के किती, 31,800. म्हणजे तो तीनच, आठ नाही, काकांचा भत्ता बेसिकपेक्षा जास्त व्हायला अजून बरीच महागाई यायची आहे.

मग ते अर्धवट 200. वाढ लागू जुलैपासून, पण मंत्रिमंडळाची मंजुरी ऑक्टोबरच्या मध्यात आणि पेन्शनरांचा आदेश महिनाअखेरीला, त्यामुळे ऑक्टोबरची पेन्शन जुन्याच दराने पडली आणि नवा दर नोव्हेंबरमध्ये आला. तीन टक्के म्हणजे महिन्याला 1,800, जुलै ते ऑक्टोबर चार महिने, झाले 7,200. गोळ्यात विरघळलेला आकडा सात निघाला.

"काका, हे बहात्तरमधले सात हजार दोनशे थकबाकी आहे, एकदाच मिळणार. पुढच्या महिन्यात नाही."

पलीकडे शांतता. मागून काकूंचा आवाज आला, "मी म्हटलंच होतं, फ्रिज बुक करू नका."

आता टॅक्स. हा खरा घोळ, आणि तो करणारे काका एकटे नाहीत, त्यांच्या सकाळच्या कट्ट्यावर निम्मे लोक हेच करतात. उजव्या कॉलममध्ये जे जे वजा होतं ते सगळं सरकारने खाल्लं असं धरायचं आणि चहा घेत चिडायचं. पण COMM म्हणजे कम्युटेशन, विकलेली पेन्शन. रिटायर होताना काकांनी बेसिकचे 40 टक्के विकून एकरकमी पैसे घेतले होते, त्यातूनच तर वरचा मजला चढला. साठ हजाराचे 40 टक्के बरोबर 24,000, ते दर महिन्याला वजा होतात आणि पंधरा वर्षांनी, म्हणजे 2034 ला, परत सुरू होतील. हा टॅक्स नाहीच. उलट विकलेला भाग हातात येत नाही म्हणून त्या पेन्शनवर टॅक्सही बसत नाही. आणि भत्ता मात्र विकलेल्यासकट पूर्ण साठ हजारांवर मिळतो, हा फायदा कट्ट्यावर कुणी सांगत नाही कारण त्यात चिडायला काही नाही.

राहिला IT. साठ हजार अधिक 31,800 अधिक 7,200, एकूण 99,000. त्यातून 24,000 गेले की 75,000. नेट 72 हजार सहाशे काहीतरी, मग टॅक्स दोन हजार तीनशे काहीतरी, इथपर्यंत जुळलं. सहा की आठ याचा निकाल फोटोतून लागेना, म्हणून म्हटलं पासबुक काढा. पासबुकात 72,637. म्हणजे टॅक्स 2,363. सव्वीस हजार नव्हे.

"पण हासुद्धा वाढलाय! गेल्या महिन्यापेक्षा पावणेपाचशे जास्त!" काका सहजासहजी संताप सोडत नाहीत.

वाढणारच. बँक वर्षभराच्या पेन्शनचा अंदाज करून टॅक्स काढते आणि महिन्यांत वाटते. मध्येच भत्ता वाढला की वर्षाचा आकडा वाढतो, आणि वाढीव टॅक्स उरलेल्या महिन्यांतच बसवावा लागतो. केंद्राच्या पेन्शनरांचं तर मार्चचं पेन्शन एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी जमा होतं, म्हणजे वर्षाची शेवटची कापणी फेब्रुवारीत. नोव्हेंबर धरून चारच हप्ते. थकबाकीवर वेगळा टॅक्स कापलेला नाही, ती सगळ्यांत मिसळलीय. आणि चारही महिने त्याच आर्थिक वर्षातले, त्यामुळे थकबाकीवरच्या टॅक्ससाठी कलम 89 ची सवलत, त्यासाठीचा 10E फॉर्म वगैरे कट्ट्यावरचा सल्ला इथे लागू नाही, तो थकबाकी आधीच्या वर्षाची असेल तेव्हा.

हे सगळं मी एका कागदावर तीन ओळींत लिहून फोटो पाठवला. कायमची मासिक पेन्शन: बेसिक आणि भत्ता मिळून 91,800, वजा कम्युटेशन, म्हणजे 67,800. एकदाची थकबाकी 7,200. कापलेला टॅक्स 2,363. आणि खाली: डिसेंबरमध्ये 65,437 पडले पाहिजेत, कमीजास्त झालं तरच फोन करा.

संध्याकाळी फोन आलाच. काकांनी आपल्या नावावर भरलेला टॅक्स दाखवणारं 26AS उघडून बघितलं होतं, त्यात नोव्हेंबरचा टॅक्स दिसत नव्हता.

"कापला आणि भरलाच नाही बघ!"

"अहो काका, बँक टीडीएसचं रिटर्न तिमाहीला भरते, ऑक्टोबर ते डिसेंबरचं जानेवारीअखेरपर्यंत. त्यानंतर दिसेल. नाही दिसला तर मग भांडू."

"लिहून पाठव."

पाठवलं. उत्तर म्हणून काकूंकडून काकांच्या एका मित्राच्या स्लिपचा फोटो आला, ह्यांना राज्य सरकारची पेन्शन आहे, आणि तो आडवा होता.